मागे सायरन, पुढे लाल दिवा: गर्दीच्या चौकात रुग्णवाहिकेला आणि बंबाला कायदेशीर वाट कशी करून द्यावी

नव्याने गाडी चालवू लागलेल्या माणसाला मोकळ्या रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट देणे अवघड जात नाही; डावीकडचा दिवा लावावा, वेग कमी करावा, कडेला थांबावे, इतकेच ते काम असते. खरी तारांबळ उडते ती चौकात. सिग्नल लाल असतो, पुढे आडवी वाहतूक चालू असते, दोन्ही बाजूंना गाड्या खेटून उभ्या असतात आणि मागून सायरन वाजत असतो. अशा वेळी थांबावे तर माणुसकी नाही असे वाटते, आणि पुढे जावे तर नियम मोडतो. मी काही काळ रुग्णवाहिकेत चालकाच्या शेजारी बसून सहायकाचे काम केले आहे, त्यामुळे हाच प्रसंग मला पुढच्या काचेतून अनेकदा पाहायला मिळाला. तिथून जे समजले ते येथे क्रमाने मांडतो. हा लेख मुख्यतः चारचाकी चालवणाऱ्यांसाठी आहे, परंतु दुचाकीस्वारांचा भागही त्यात येईल, कारण त्यांच्याशिवाय आपल्याकडचा कोणताही चौक मोकळा होत नाही.

१. कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194-ई आले. अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेले अन्य आपत्कालीन वाहन येत असताना जो चालक रस्त्याच्या कडेला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्या कलमात आहे. या कलमाने तुमच्याकडून मागितलेली गोष्ट एवढीच आहे की तुम्ही कडेला व्हावे. लाल दिवा ओलांडावा, पदपथावर गाडी चढवावी किंवा उलट दिशेने घुसावे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. लाल सिग्नल तोडणे हे याच कायद्याच्या कलम 184 नुसार धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि मागे सायरन वाजत होता म्हणून सामान्य चालकाला त्यातून आपोआप सूट मिळत नाही. सायरन आणि चमकता दिवा यांमुळे जी सवलत मिळते ती त्या वाहनाला मिळते, त्याच्या पुढच्या वाहनाला नव्हे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कलम 119 प्रमाणे चालकाने सिग्नलचे जसे ऐकायचे, तसेच वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचेही ऐकायचे असते. चौकातील पोलिसाने हाताने तुम्हाला पुढे बोलावले, तर लाल दिवा असतानाही पुढे जाणे हे आज्ञेचे पालन ठरते. म्हणून सायरन ऐकू येताच, आरशाच्या पाठोपाठ, चौकात पोलीस आहे का हे शोधावे.

२. सायरन वाजण्याआधी लागणारी सामग्री

ही यादी छोटीच आहे, पण ऐन वेळी शोधण्यासारखी नाही.

- तीनही आरसे नीट लावलेले असावेत. उजव्या आरशात आपल्या गाडीच्या कडेची एक पट्टी दिसली पाहिजे, म्हणजे आपण किती सरकलो ते कळते.
- चौकात शिरताना खिडकी चार बोटे उघडी असावी आणि गाण्यांचा आवाज कमी असावा. बंद काचा, वातानुकूलन आणि संगीत यांच्यामुळे सायरन जवळ येईपर्यंत कानावर पडत नाही.
- डॅशकॅम असल्यास त्याची तारीख आणि वेळ बरोबर लावलेली असावी.
- वाहनपरवाना, नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा यांच्या प्रती मोबाइलमधील डिजिलॉकरमध्ये असाव्यात.
- 112 हा सर्वसाधारण मदतीचा, 108 हा रुग्णवाहिकेचा आणि 101 हा अग्निशमन दलाचा क्रमांक शेजारी बसणाऱ्याला ठाऊक असावा. चालकाने चालत्या गाडीत फोन हातात घेऊ नये.

३. वाट किती रुंद लागते, याचा हिशेब

आपल्याला नेहमी वाटते की वाट करून द्यायची म्हणजे बरीच जागा सोडायची. प्रत्यक्षात प्रश्न काही वितींचा असतो. समजा, दुभाजक असलेल्या रस्त्याची एक बाजू 7 मीटर रुंद आहे, म्हणजे साडेतीन-साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका. प्रत्येकीत मधोमध एक मोटार उभी आहे आणि तिची रुंदी पावणेदोन मीटर धरू. अशा वेळी दोन मोटारींच्या मधली फट साधारण पावणेदोन मीटरच राहते. मोठी रुग्णवाहिका साधारण दोन मीटर रुंद असते. आरसे आणि दोन्ही बाजूंचे थोडे अंतर धरले तर तिला अडीच मीटरहून थोडी अधिक जागा हवी. याचा अर्थ डाव्या रांगेतील मोटार डावीकडे आणि उजव्या रांगेतील मोटार दुभाजकाकडे प्रत्येकी जेमतेम अर्धा मीटर सरकली तरी मधून वाट होते. अग्निशमन बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते आणि आरशांसह तो तीन मीटरपर्यंत जातो. त्याच्यासाठी दोन्ही मोटारींना अगदी कडेपर्यंत जावे लागते, आणि मध्ये एक जरी दुचाकी राहिली तरी तो अडकतो.

आता खरी मेख पाहा. मोटार बाजूला सरकत नाही, ती पुढे जाता जाता बाजूला होते. अर्धा मीटर सरकून पुन्हा सरळ उभे राहायचे असेल तर पूर्ण चाक वळवूनही साधारण तीन मीटर पुढची जागा खर्ची पडते. पुढच्या गाडीच्या बंपरला बंपर लावून उभ्या असलेल्या चालकाची कितीही इच्छा असली तरी तो हलू शकत नाही. रुग्णवाहिकेच्या काचेतून आम्हाला असे चेहरे पुष्कळ दिसायचे: आरशात आमच्याकडे बघणारे, हाताने "काय करू?" असे विचारणारे. ते बेपर्वा नव्हते, त्यांच्याकडे जागा नव्हती, एवढेच.

म्हणून रांगेत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला जिथे टेकतात ती जागा तुम्हाला बसल्या जागेवरून दिसली पाहिजे, इतके अंतर ठेवावे. गाडीगणिक थोडा फरक पडतो, पण हे अंतर बहुधा अडीच ते तीन मीटर भरते आणि नेमके तेवढेच आपल्याला हवे असते.

४. पहिल्या रांगेत असाल तर जागा थांबतानाच निवडा

मागच्या सर्व गाड्यांनी अंतर ठेवले, तरी वाट अडते ती पहिल्या रांगेपाशी. पहिली गाडी स्टॉप लाइनवर उभी असल्याने तिला पुढे सरकून बाजूला होण्याची सोय नाही. एक मीटर जरी पुढे गेली तरी ती झेब्रा पट्ट्यांवर जाते. मागे घेऊन बाजूला होणे हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही, कारण मागच्या फटीत तोवर दुचाकी येऊन थांबलेली असते आणि ती आरशात दिसेलच असे नाही.

उपाय सायरनच्या आधीचा आहे. सिग्नलला पहिले पोहोचणाऱ्याला जागा निवडण्याची मोकळीक असते. तुम्ही डाव्या मार्गिकेत असाल तर तिच्या डाव्या कडेला धरून थांबा. उजव्या मार्गिकेत असाल तर दुभाजकाच्या बाजूने थांबा. दोन्ही ठिकाणी गाडी आपल्याच मार्गिकेत राहते, त्यामुळे नियम मोडत नाही. शक्य असेल तर स्टॉप लाइनच्या दोन-तीन मीटर अलीकडे थांबा. त्या मोकळ्या जागेत दुचाकी येतील हे मान्य आहे, पण दुचाकी पाय टेकून बाजूला घेता येते, मोटार घेता येत नाही.

सरळ जायचे असेल तर डावीकडे वळणाऱ्यांच्या मार्गिकेत उभे राहू नका. सिग्नलशिवाय डावीकडे जाण्याची मुभा असलेल्या चौकात ती मार्गिका अनेकदा रुग्णवाहिकेची एकमेव सुटकेची वाट असते, आणि तिथे सरळ जाणारी एक गाडी उभी असली की ती वाटही बंद होते.

५. सायरन ऐकू आल्यावर: आधी बघा, मग हला

दाट वस्तीत सायरनचा आवाज इमारतींवर आपटून येतो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने येतो हे केवळ कानाने ठरवता येत नाही. आवाज मागून येतो असे वाटून गाडी हलवावी आणि रुग्णवाहिका आडव्या रस्त्यावरून समोर यावी, असे घडते. आरशात चमकता दिवा दिसल्याशिवाय चाक वळवू नका. पुढच्या बाजूला "AMBULANCE" हा शब्द उलटा रंगवलेला असतो तो यासाठीच, की आरशात तो सुलटा वाचता यावा. आवाजाचा ढंगही लक्षात ठेवण्याजोगा आहे: सरळ रस्त्यावर लांब, चढत-उतरत जाणारा सूर लावतात आणि चौक जवळ आला की बहुतेक चालक भरभर तुटक सुरावर जातात. सूर बदलला की वाहन चौकाच्या तोंडाशी आले असे समजावे.

रुग्णवाहिका आपल्याच रांगांमागे आहे हे पक्के झाले की पुढील क्रम पाळावा.

- ज्या बाजूला सरकणार त्या बाजूचा दिवा लावा. चारही दिवे एकदम लावू नका. त्याने मागच्या चालकाला तुम्ही कुठे जाणार हे कळत नाही, फक्त तुम्ही घाबरला आहात एवढे कळते.
- डावीकडची रांग डावीकडे, दुभाजकालगतची रांग उजवीकडे. तीन मार्गिका असतील तर सर्वांत उजवीकडची रांग उजवीकडे आणि बाकीच्या दोन्ही डावीकडे, म्हणजे वाट नेहमी उजवीकडच्या पहिल्या दोन रांगांच्या मध्ये पडते. जर्मनीसारख्या देशांत महामार्गावर हीच पद्धत सक्तीची आहे, फक्त तिथे वाहने उजव्या बाजूने चालत असल्याने डावे-उजवे उलट आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मात्र उजवीकडे जाऊ नका. तिथे सर्वांनी डावीकडेच व्हायचे असते.
- सरकण्याआधी त्या बाजूच्या आरशात पाहा. तुमच्या डावीकडून नेमक्या त्याच वेळी दुचाकी पुढे येत असते.
- एकदा सरकलात की गाडी सरळ करून थांबा. तिरकी उभी राहिलेली मोटार पुढून बाजूला झालेली दिसते, पण तिचे मागचे टोक वाटेतच असते. पहिल्यांदा करणाऱ्यांकडून हे हमखास होते आणि आतून ते कळत नाही. उजव्या आणि डाव्या आरशात मार्गिकेची रेघ गाडीला समांतर दिसते का, हे पाहणे हीच त्याची परीक्षा.

दुचाकीस्वारांनी मधल्या फटीतून निघून सर्वांत डावीकडे जावे. मोटारी बाजूला झाल्या की मध्ये मोकळी गल्ली दिसते आणि तिच्यातून पुढे सटकण्याचा मोह होतो. ती गल्ली ज्याच्यासाठी झाली तो त्यामुळे मागेच राहतो. पादचाऱ्यांनी, हिरवा माणूस दिसत असला तरी, सायरन जवळ असताना रस्ता ओलांडायला सुरुवात करू नये.

६. तरीही वाट झाली नाही तर

अशा वेळी सर्वांत जास्त दबाव पहिल्या गाडीवर येतो. मागचे हॉर्न वाजवतात, "जा की पुढे" म्हणून ओरडतात. जाऊ नका. आडव्या रस्त्यावरच्या चालकाला हिरवा दिवा दिसत असतो. त्याला रुग्णवाहिका दिसत नाही, कारण ती तुमच्या मागे गाड्यांत दडलेली आहे, आणि तुमच्या गाडीवर सायरन नाही. तो वेगात येऊन तुम्हाला धडकला तर चौक कायमचाच बंद होतो आणि रुग्णवाहिकेपुढे आता दोन गाड्यांचा ढिगारा असतो.

पोलीस असेल तर हात वर करून त्याचे लक्ष वेधा आणि मागे बोट दाखवा. मागच्या रांगेतील सायरन कोणत्या दिशेचा आहे हे त्यालाही गोंगाटात कळत नसते. तो आडवी वाहतूक थांबवून तुम्हाला बोलावेल तेव्हाच निघा, चौक पूर्ण ओलांडा आणि पलीकडे गेल्यावर डावीकडे व्हा. चौकाच्या तोंडाशीच थांबलात तर मागची रांग तुमच्यामागे चौकात अडकते.

पोलीस नसेल तर सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबणे हाच कायदेशीर मार्ग आहे. हिरवा झाल्यावर मात्र थांबून वाट देण्याचा विचार करू नका. हे अनेकांना उलटे वाटते, परंतु पुढची रांग हिरव्यावर झटपट निघून गेली की मागचे सगळे मोकळे होते. "आधी तिला जाऊ द्या" म्हणून हिरव्यावर थांबलेली पहिली गाडी उरलेला हिरवा वेळ खाऊन टाकते.

शेजारी कोणी बसलेले असेल तर त्याने 112 ला फोन करावा. सांगायचे ते तीन गोष्टींत: चौकाचे नाव, वाहन कोणत्या रस्त्यावर अडकले आहे आणि ते कोणत्या दिशेला जाणार आहे. एका सिग्नलच्या फेऱ्यात याचा उपयोग होईल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र बंद पडलेल्या ट्रकमुळे किंवा मिरवणुकीमुळे चौक तुंबला असेल तर नियंत्रण कक्षाला जवळचा पोलीस पाठवता येतो, आणि सिग्नल नियंत्रण कक्षाशी जोडलेले असतील तिथे वेळही बदलून घेता येते.

गाडीतून उतरून चौकाच्या मध्यभागी उभे राहून वाहतूक अडवू नका. तो अधिकार तुमच्याकडे नाही, तुम्ही गणवेशात नाही, आणि तुमचा हात पाहून कोणी थांबेल याची खात्री नाही. पदपथावरून मागे चालत जाऊन मागच्या चालकांना काच वाजवून "मागे रुग्णवाहिका आहे, डावीकडे घ्या" असे सांगणे पुष्कळ उपयोगी पडते, कारण चार गाड्यांपुढच्या माणसाला काय चालले आहे हे ठाऊकच नसते. पण हे काम पायी असलेल्या माणसाचे आहे. आपली गाडी सोडून चालकाने जाऊ नये.

७. बंब असेल तर वेगळे काय

पाण्याने भरलेला बंब कित्येक टन वजनाचा असतो. रुग्णवाहिका जिथे थांबेल तिथे तो थांबत नाही, म्हणून त्याच्या पुढ्यात शेवटच्या क्षणी कडेला होऊ नये. एक तर आधी व्हावे, नाहीतर चौक पार करून व्हावे. डावीकडे वळण्याआधी तो उजवीकडे झुकतो. डावीकडचा दिवा लागलेला असताना उजवीकडे सरकणारा बंब पाहून "हा सरळ जातोय" असे समजून त्याच्या डावीकडून पुढे निघालेला दुचाकीस्वार चाकाखाली सापडू शकतो. वळणाच्या कोपऱ्यावर गाडी लावलेली असेल तर बंबाला एका दमात वळता येत नाही, मागे-पुढे करावे लागते, म्हणून चौकाच्या कोपऱ्यावर दोन मिनिटांसाठीही गाडी लावू नये. शिवाय बंब सहसा एकटा येत नाही. पहिला गेल्यावर लगेच मार्गिकेत परतू नका. आरशात पुन्हा पाहा आणि मागे दुसरा चमकता दिवा नाही याची खात्री करा.

८. ज्या सापळ्यांत चांगली माणसेही अडकतात

रुग्णवाहिका गेल्यावर तिच्या मागोमाग मोकळ्या झालेल्या गल्लीतून निघणे हा सर्वांत मोठा सापळा. बाजूला झालेल्या गाड्या वाहन गेले म्हणून परत मध्ये येऊ लागतात आणि मागून येणारा त्यांना दिसत नाही. त्याचप्रमाणे मोटारसायकलवरून पुढे धावत हात हलवत "वाट करून देणारे" असतात. त्यांची तळमळ खरी असते, पण लाल सिग्नल तोडून पुढे घुसणारा तो स्वार रुग्णवाहिकेच्या चालकासाठी आणखी एक अडथळा असतो. तो घसरला तर तिला थांबावेच लागते.

दुसरा सापळा स्वतःच्या गाडीत रुग्ण असतानाचा. चारही दिवे लावून, खिडकीतून रुमाल हलवून सिग्नल तोडत जाणे लोकांना मान्य वाटते, परंतु खासगी गाडीला आपत्कालीन वाहनाचा दर्जा त्याने मिळत नाही. खासगी गाडीला सायरन किंवा अनेक सुरांचा हॉर्न बसवणेही नियमांत बसत नाही. 108 ला फोन करावा; निघालाच असाल तर चौकातील पोलिसापाशी गाडी नेऊन काच खाली करावी आणि सांगावे. तो हाताने वाट काढून देऊ शकतो, पुढच्या चौकाला बिनतारी संदेश देऊ शकतो, आणि त्याच्या आज्ञेने ओलांडलेला सिग्नल हा तुमचा गुन्हा ठरत नाही.

९. वाट देताना चलान आले तर

कॅमेरा असलेल्या चौकात पोलिसाच्या इशाऱ्याने स्टॉप लाइन ओलांडली तरी यंत्र छायाचित्र काढते, कारण त्याला पोलिसाचा हात दिसत नाही. ई-चलान आले तर घाईने भरून टाकू नका आणि दुर्लक्षही करू नका. डॅशकॅमची ध्वनिचित्रफीत त्याच दिवशी वेगळी जतन करा; बहुतेक डॅशकॅम कार्ड भरले की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहितात, आणि चलान यायला काही दिवस गेलेले असतात. चलान क्रमांक, गाडीचा क्रमांक, चौकाचे नाव, दिशा, तारीख आणि वेळ, आपत्कालीन वाहनाचा क्रमांक दिसला असल्यास तो, आणि पोलिसाने इशारा केला होता का, हे एका कागदावर लिहून काढा. वाहतूक पोलिसांकडे चलानाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते; तिथे हा मजकूर आणि चित्रफीत जोडावी. चित्रफीत नसेल तर चलानावरील छायाचित्र मोठे करून नीट पाहा, कारण तुमच्या गाडीच्या मागे रुग्णवाहिकेचा दिवा किंवा कोपऱ्यात पोलिसाचा उचललेला हात त्यातच दिसू शकतो. तक्रार नामंजूर झाली तर प्रकरण न्यायालयापुढे मांडण्याचा मार्ग मोकळा असतो, आणि तिथेही हाच कागद कामाला येतो.